नाव घ्या, मग आत या

निकाहाच्या दिवशी नवऱ्या मुलाचं नाव दोन वेळा दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी उच्चारलं जातं. सकाळी वकील आणि दोन गवाह नवरीकडे येतात. अमुकचा मुलगा अमुक, इतक्या इतक्या मेहरवर, तुम्हाला निकाह कबूल आहे का, असं विचारतात. नाव स्पष्ट, बापाच्या नावासकट, कुणाचा कुणाशी गोंधळ होणार नाही असं. मग मजलिसीत काझीसाहेब नवरीचं नाव तिच्या बापाच्या नावासकट घेऊन नवऱ्याला तोच प्रश्न विचारतात. इथं लाजण्याला जागा नाही, कारण कोण कुणाशी बांधला जातोय हे गवाहांना कळलंच नाही तर गवाही कशाची? निकाहनाम्यातही तीच नावं जातात.

आणि संध्याकाळी त्याच नवरीला सासरच्या उंबऱ्यावर नणंदा अडवतात. दाराच्या दोन्ही चौकटींना हात लावून उभ्या राहतात. “भाभी, नाव घ्या, मग आत या.” सकाळी साऱ्या जमातीसमोर जे नाव मोठ्यानं सांगितलं गेलं, तेच आता एका यमकात गुंडाळून, अर्धं लपवून, लाजत सांगायचं असतं. सकाळचं नाव अरबस्तानातून आलेल्या कायद्याचं. संध्याकाळचं वेण्णेच्या काठचं.

मेढ्याकडच्या, म्हणजे जावळी खोऱ्यातल्या मुस्लीम घरांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय. शेजारच्या मराठा घरात जसं, तसंच. हल्ली मात्र हळदीला, मेहंदीला, उखाण्याला “हे आपलं नाही” असं म्हणणारं एखादं माणूस प्रत्येक लग्नात निघतं. आधी मलाही वाटायचं की हा वाद हिंदू चाल की मुस्लीम चाल एवढाच आहे. उखाण्याच्या मागं मागं गेलं तर तो त्याहून गमतीचा निघतो.

आधी शब्दच घेऊ. मराठीत उखाणा म्हणजे मुळात कोडं. मोल्सवर्थच्या कोशात तोच अर्थ आहे आणि गुजरातीत ‘उखाणुं’ म्हणजे आजही कोडंच. आपल्याकडं जुनी माणसं ‘उखाणा घालणे’ आणि ‘नाव घेणे’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी समजत. उखाणा घालायचा तो पोरांना, दिवेलागणीनंतर, ओसरीवर. नाव घ्यायचं ते नवरीनं. पुढं दोन्ही एक झाले, कारण नाव घेणं हेही एक कोडंच होतं. पहिल्या ओळीत ऐकणाऱ्याला कुठंतरी भलतीकडंच न्यायचं, आणि दुसऱ्या ओळीत उत्तर टाकायचं. फरक एवढाच की इथं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. गंमत उत्तरात नसते, ती बाई ते सांगते कशी ह्यात असते.

अमीर खुसरो यांच्या नावावर पहेल्यांबरोबर ‘मुकरी’ नावाचा एक प्रकार सांगितला जातो. त्यात एक सखी दुसरीला कुणाचं तरी वर्णन सांगते. रात्रभर जवळ असतो, त्याच्यावाचून करमत नाही, असं काहीतरी. ऐकणारी म्हणते, “कोण, साजन?” आणि पहिली मुकरते, म्हणजे नाकबूल करते. नाही गं, पंखा! तिथं सगळं वर्णन नवऱ्याचं आणि उत्तर दुसरंच. आपल्या उखाण्यात बरोबर उलटं. सगळं वर्णन तांदळाचं, चहाचं, एस.टी.चं, आणि उत्तर नवरा. दोन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे. जे सरळ बोलता येत नाही, ते बोलायचं आहे.

मग सरळ का बोलता येत नाही? नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आपल्याकडं सर्रास मानत. एक जुना संस्कृत श्लोक आहे. ज्याला आपलं भलं हवं त्यानं स्वतःचं, गुरूचं, अतिकंजूष माणसाचं, थोरल्या अपत्याचं आणि बायकोचं नाव घेऊ नये, असा त्याचा भाव. त्यात नाव न घेण्याचं बंधन नवऱ्यावर आहे, हे बघण्यासारखं. व्यवहारात बंधन दोघांवरही होतं, पण पाळायची वेळ आली ती बाईवर जास्त. पुरुष “अगं” म्हणून मोकळा होई. बाईला मात्र नवऱ्याबद्दल दहा ठिकाणी बोलावं लागे. दुकानात, दवाखान्यात, तलाठ्यापुढं.

त्यातून वाटा निघाल्या. मराठी घरात ‘हे’, ‘अहो’, ‘आमचे मालक’, ‘कारभारी’, ‘घरधनी’. आमच्या दखनीत ‘उनो’, ‘अजी’, ‘सुनो जी’ आणि मूल झालं की ‘बच्च्यां के अब्बा’. भाषा दोन, युक्ती एकच. ‘उनो’ म्हणताना माझ्या फुफीचा आवाज जसा अर्धा इंच खाली यायचा, तसाच शेजारच्या काकींचा ‘ह्यांनी’ म्हणताना यायचा.

इस्लाममध्ये नवऱ्याचं नाव घ्यायला मनाई नाही. पण नाव घेणं आणि न घेणं ह्यात किती अर्थ भरलेला असतो, हे सांगणारी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, आणि ती मला फार आवडते. रसूलुल्लाह (स.) हजरत आयेशांना म्हणतात, तू माझ्यावर खूश असतेस तेव्हाही मला कळतं आणि नाराज असतेस तेव्हाही. त्या विचारतात, कसं? ते सांगतात, खूश असलीस की तू ‘मुहम्मदच्या रबची शपथ’ म्हणतेस, आणि नाराज असलीस की ‘इब्राहीमच्या रबची शपथ’. त्यावर आयेशा म्हणतात, खरं आहे, पण मी फक्त तुमचं नाव तेवढं सोडते. म्हणजे मदिनेतल्या त्या घरात नवऱ्याचं नाव घेणं ही माया होती आणि न घेणं हा रुसवा. आपल्याकडं न घेणं हा मान. ‘नवऱ्याचं नाव घेत नाहीत’ ही चाल आपण दीनमधून घेतलेली नाही, ती ह्या मातीतली आहे. आणि ज्यांना उखाणा नको वाटतो त्यांच्याच घरात ‘उनो’ मात्र बिनतक्रार चालतं, ह्याची मला नेहमी मौज वाटते. बंधन शेजारचं घेतलेलं चालतं, त्यातली पळवाट तेवढी चालत नाही.

लग्नातल्या गाण्या-बोलण्याबद्दलही हेच. एका अन्सारी माणसाकडं नवरी पोचवून हजरत आयेशा परत आल्या तेव्हा रसूलुल्लाहनी विचारलं, काही गंमतजंमत नव्हती का बरोबर? अन्सारांना ती आवडते. हे बुखारीत आहे. इब्ने माजामधल्या रिवायतीत तर पुढं आहे की नवरीबरोबर कुणी गाणारी का नाही पाठवली, आणि काय गायचं तेही दोन ओळींत सुचवलंय. आम्ही आलो आहोत, आमचं स्वागत करा, अशा अर्थाचं काहीतरी. उंबऱ्यावर नवरी, आणि तिच्यासोबत दोन जुळत्या ओळी. मी काही आलिम नाही, फतवा देत नाही. पण “लग्नात उंबऱ्यावर यमक जुळवायचं हे कुठून आलं” असं विचारणाऱ्यानं एवढं तरी वाचलेलं असावं.

आपल्या पूर्वजांची लग्नं कशी होत हे पाहायचं तर ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक आहे. जाफर शरीफ यांनी लिहिलं आणि हर्क्लॉट्स नावाच्या इंग्रज सरकारच्या डॉक्टरनं १८३२ साली इंग्रजीत आणलं. दखनी मुसलमानांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या चालीरीती त्यात आहेत. लग्नात हळद आहे, मेहंदी आहे, जलवा आहे. जलव्यात नवरा-नवरीमध्ये आरसा ठेवतात आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांचा चेहरा आरशात पाहतात. हैदराबादेकडं अजूनही त्या वेळी बायका नवऱ्याकडून वदवून घेतात की बीबी, मी तुझा गुलाम, डोळे उघड. तोवर नवरीचे डोळे मिटलेले. म्हणजे आमच्या बाजूला नणंदा नवरीला अडवतात, तिकडं मेहुण्या नवऱ्याला. लग्नाच्या दिवशी कुणाला तरी सगळ्यांसमोर जरा वाकवायचं आणि त्याच्या तोंडून काहीतरी काढून घ्यायचं, हा खेळ दोन्हीकडं आहे.

आता उखाणा जुळतो कसा ते बघू. कुणा घरातल्या बाईचा उखाणा इथं मांडणं मला बरं वाटत नाही, म्हणून नमुने मीच जुळवलेत. नवऱ्याचं नाव दोनच जागी बसतं. एक, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. तेव्हा यमक नावाशी जुळवायचं नसतं, त्यामुळं काम सोपं.

वेण्णेच्या काठाला भाताची खाचरं,
सलीमचं नाव ऐकाया जमली सारी पाखरं.

इथं सलीम काढून सुरेश घातला तरी चालेल. ही बायकांची शिदोरी. एक साचा आईकडून लेकीकडं येतो, नाव तेवढं बदलायचं. ‘पाखरं’ म्हणजे दारात दाटी करून उभ्या असलेल्या नणंदा आणि पोरी, हे त्यांना कळतं आणि त्या हसतात. चांगल्या उखाण्यात दार अडवणाऱ्यांना असा एक चिमटा असतोच.

दुसरी जागा ओळीच्या अगदी शेवटी, जिथं नावच यमक होतं. इथं खरी कसोटी. आणि इथं आपली नावं बाईची परीक्षा घेतात. मराठा घरात ‘राव’ लावून नाव कुठंही वळवता येतं. आपल्याकडं नाव आहे तसंच घ्यावं लागतं. पण अरबी-फारसी नावांची शेवटची अक्षरं मराठी शब्दांशी अशी काही जुळतात की ऐकणारा चकित होतो.

मुंबईच्या गोदीत गाळला त्यांनी घाम,
सणाला घरी आले माझे इमाम.

‘घाम’ अस्सल मराठी, ‘इमाम’ अरबी, आणि ओळ मात्र जावळीची. ह्या खोऱ्यातली, पाटण बाजूची किती माणसं मुंबईत माथाडी म्हणून राबली हे सांगायला नको. नवरा वर्षातून दोनदा दिसणार, ही ह्या भागातल्या नवरीला लग्नाच्या दिवशीच माहीत असलेली गोष्ट. ती तक्रार म्हणून बोलता येत नाही, उखाण्यात बोलता येते.

बाजारातून आणला दोन पेरं ऊस,
फटफटीवर बसून आले माझे युनूस.

ह्याला विद्वान नाक मुरडतील. पण उखाणा कानाचा असतो, वहीचा नसतो. ‘ऊस’ला ‘नूस’ जुळलं की बायका टाळी देतात आणि विषय संपतो.

आता अडचणीचं नाव घेऊ. समजा नवऱ्याचं नाव अब्दुलरझ्झाक. लोक हाक मारताना सरळ ‘रज्जाक’ म्हणतात. पण रज्जाक, म्हणजे रोजी देणारा, हे अल्लाहच्या नावांपैकी एक. माणूस त्याचा अब्द, बंदा. म्हणून घरात कुणी दीनदार वडीलधारं असलं की ‘अब्दुल’ गाळलेलं चालत नाही. नवरीला सहा अक्षरांचं आख्खं नाव शेवटी बसवायचं आहे. दुसरी ओळ त्या नावानंच अर्धी भरली. तेव्हा पहिली ओळ आखूड ठेवायची, तिच्या शेवटी ‘आक’ आणायचा आणि दुसऱ्या ओळीत नावाआधी अगदी थोडं बोलायचं. ‘आक’ला चाक, नाक, धाक, हाक आहेत. नाक आणि धाक सासरच्या दारात बरे नाहीत. हाक गोड आहे, पण त्यात हसू नाही. उरलं चाक.

केळघर घाटात फुटलं चाक,
पायी आले अब्दुलरझ्झाक.

एवढ्यानं भागलं. नाव पुरं, वडीलधारे खूश, आणि वरात उशिरा आल्याचं उट्टंही निघालं.

‘मुहम्मद’ असलेल्या नावाचं असंच. मुहम्मद हुसेन असेल तर नवरी थट्टेच्या ओळीत ‘हुसेन’ एवढंच घेते, पहिला शब्द गाळते. तिला कुणी शिकवलेलं नसतं, जीभ आपोआप वळते. त्या नावाबरोबर दुरूद म्हणायची सवय असते, ते हसण्याखिदळण्यात कसं ओढायचं? अल्लाहच्या नावाच्या वेळी ‘अब्दुल’ सोडायचा नाही आणि इथं ‘मुहम्मद’ सोडायचा. उलट्या दिशेची दोन पथ्यं, आणि दोन ओळींत दोन्ही सांभाळायची. उखाणा ‘त्यांच्याकडून’ आला म्हणणाऱ्यानं हे पथ्य कुठून आलं तेही सांगावं.

आणि मिश्र बोलीतलेही असतात. घरात दखनी, बाहेर मराठी, मग उखाणा मधल्या उंबऱ्यावरचा.

चुल्हे पे चढाई मैं चाय की पतीली,
यासीन का नाम लेती, हटो मेरी सहेली.

उखाणा बिघडतो तो बहुतेक वेळा पाठ केल्यामुळं. दुकानात ‘निवडक उखाणे’ची पातळ पुस्तकं मिळतात, आता फोनवर याद्या फिरतात. त्यातला महादेवाच्या पिंडीचा किंवा तुळशीचा उखाणा नवरी घाईत तसाच म्हणून बसते, आणि मग कोपऱ्यातले चाचा घसा खाकरतात. वाद पेटतो तो इथूनच. चूक उखाण्याची नसते, पहिली ओळ दुसऱ्याच्या अंगणातली उचलल्याची असते. आपल्या अंगणात मेहंदी आहे, ईद आहे, शिरखुर्मा आहे, वेण्णा आहे, कासचं पठार आहे. पहिल्या ओळीला सामान कमी नाही.

हे सगळं हसण्याचं झालं. आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले तिच्याकडं येते.

नाव न घेण्याची ही रीत शिकल्यासवरल्या घरांतही किती खोल होती, ह्याचा मोठा पुरावा आपल्याच भागातल्या बाईचा आहे. रमाबाई रानडे मूळच्या देवराष्ट्र्याच्या. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. पुढं १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं, आणि देवराष्ट्रे तिकडं गेलं. माहेरचं त्यांचं नाव यमुना. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि त्या रमा झाल्या. नवऱ्यानं त्यांना शिकवलं, पुढं त्यांनी सेवासदन चालवलं, सभा गाजवल्या. आणि १९१० साली ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकात नवऱ्याचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. रानडे जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. नाव घेतल्यानं कमी होईल असं आयुष्यच उरलं नव्हतं. तरी लेखणी वळली नाही.

चोवीसेक वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ येऊ लागली. त्यात नवरा सरळ ‘टिळक’ आहे. त्याच्या कितीतरी आधीच त्या ख्रिस्ती झाल्या होत्या, पण मला नाही वाटत की हा फरक धर्मानं पडला. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात नवऱ्याची थट्टा आहे, आणि ज्याची थट्टा करायची त्याला काहीतरी नाव लागतंच. उखाण्याचं तेच आहे. थट्टेच्या आडोशानं नाव येतं.

मात्र रमाबाईंच्या गोष्टीत मला ‘स्वतः’पेक्षा ‘यमुना’ जास्त टोचते. नवऱ्याचं नाव जपून ठेवलं, ओठावर येऊ दिलं नाही. आणि बाईचं नाव? ते त्याच लग्नात पुसलं गेलं.

देशानं ह्याचा हिशेब एकदा केला होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतदारयादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की नावाशिवाय नोंद चालणार नाही. मुदत वाढवूनही जवळजवळ २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान ह्या भागांतल्या होत्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘अमक्याची आई’, आणि स्वतःचं सांगायची सवय नाही म्हणूनही ‘अमक्याची आई’.

निकाहात बाईचं नाव बदलत नाही. काझीसाहेब बापाच्या नावासकट तेच विचारतात आणि तेच लिहितात. ही आपली मोठी पुंजी आहे, आणि आपण ती उंबऱ्यापर्यंतच नेतो. आत गेल्यावर ‘दुल्हन’, मग ‘भाभी’, मग ‘यासीन की अम्मा’. रेशनकार्डावर बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. पुढं कित्येक वर्षं तिचं स्वतःचं नाव मोठ्यानं घेणारं माणूस म्हणजे माहेरचं, नाहीतर पोस्टमन.

म्हणून उखाण्याचा जो भाग आपल्याकडं फार क्वचित होतो, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नवऱ्यानं नाव घेणं. मराठा घरांत घास भरवताना नवऱ्यालाही सोडत नाहीत. आपल्याकडं “मर्द कुठं नाव घेतो का” म्हणून त्याला सुटका मिळते. हल्ली मेढ्याकडच्या लग्नांत पोरी ही सुटका देत नाहीत, आणि मला ते फार बरं वाटतं. पुरुषांचे उखाणे बहुधा वाईट असतात. यमक घसरतं, ओळ लांबते, मित्र मागून पुरवठा करतात. त्याला तरी काय, आयुष्यात पहिल्यांदाच तो ह्या पेचात सापडलेला. मदत म्हणून एक जुळवून ठेवलाय, नाव आपापलं घालावं:

काझींनी विचारलं तेव्हा म्हणालो कबूल,
नसीमचं नाव घेताना होते माझीच धांदल.

यमक नीट बसलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पुरुषाच्या तोंडी ते तसंच शोभतं.